मोटरसायकलचा रिव्हर्स आणि नववीचा फळा

मोटरसायकलला रिव्हर्स नसतो, आणि माझ्या एका मित्राला परवा हे जरा नाट्यमय रीतीनेच कळलं. अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1951 साली आपल्या शोधनिबंधात छापलं. ते अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत होते. समोरच्या माणसाला त्यांनी हे वाक्य दाखवलं नाही. एकेक अक्षर ओळखायला सांगितलं. चुकलं तर पुन्हा ओळखायचं, बरोबर आलं की पुढे जायचं. प्रत्येक अक्षराखाली किती प्रयत्न लागले तो आकडा लिहायचा. मधली मोकळी जागाही अक्षर म्हणूनच धरायची.

एकूण 102 चिन्हं होती. त्यातली 79 पहिल्याच प्रयत्नात ओळखली गेली. पाचापेक्षा जास्त प्रयत्न फक्त 8 वेळा लागले. जिथे ‘रिव्हर्स’ हा शब्द सुरू होतो तिथलं आर हे अक्षर 15व्या प्रयत्नात सापडलं, कारण ‘मोटरसायकलला रिव्हर्स नसतो’ असं कोणी सहसा बोलायला जात नाही.

आज एआयने लिहिलेला मजकूर पकडून देतो म्हणणाऱ्या डिटेक्टरांपैकी एका मोठ्या गटाचं मूळ या खेळात आहे. मी बडोद्यात नववी-दहावीला कॉम्प्युटर शिकवते. डिटेक्टर हा विषय घेताना वर्गात स्क्रीन उघडत नाही, खडू उचलते आणि याच खेळापासून सुरुवात करते.

खरं तर शॅनन यांच्याही आधी 1913 मध्ये आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या काव्यकादंबरीतली 20,000 अक्षरं हाताने मोजली होती. स्वरानंतर स्वर किती वेळा येतो आणि व्यंजनानंतर स्वर किती वेळा, एवढंच त्याला पाहायचं होतं. आधीचं अक्षर कळलं की पुढच्याचा अंदाज सुधारतो, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. शॅनननी त्याच अंदाजाला माप दिलं.

हा खेळ मराठीत अक्षराअक्षराने घेतला तर तास संपतो आणि वाक्य संपत नाही. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं मिळून पर्याय फार होतात. म्हणून मी शब्दाशब्दाने घेते. फळ्यावर फक्त ‘आई’ लिहायचं. पुढचा शब्द? ‘म्हणाली’, ‘घरी’, ‘रोज’, ‘स्वयंपाक’ असं बरंच काही येतं आणि बऱ्याच वेळाने ‘बाजारातून’ सापडतो. त्यापुढचा ‘भाजी’ मात्र अर्धा वर्ग एकदम ओरडतो. मग ‘घेऊन’, मग ‘आली’. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, फक्त भाजीच्या जागी कासव. ‘आई बाजारातून कासव घेऊन आली.’ कासव कुणालाच सापडत नाही, मलाच सांगावं लागतं. पण कासवानंतरचे ‘घेऊन आली’ पुन्हा सहज येतात. सगळा धक्का एका शब्दात असतो आणि तो फळ्यावर बोट ठेवून दाखवता येतो.

इथून आकड्यापर्यंत जायला फार गणित लागत नाही. मॉडेल, म्हणजे भरपूर मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायला शिकलेलं यंत्र, दर शब्दाला एक शक्यता देतं. दोनात एक शक्यता असेल तर धक्का 1, चारात एक असेल तर 2, बत्तीसात एक असेल तर 5, आणि 1024 मध्ये एक असेल तर 10. म्हणजे दोनाचा कितवा घात, एवढंच. समजा, भाजीच्या वाक्यात ‘आई’नंतरच्या चार शब्दांचे धक्के 5, 1, 2 आणि 1 आहेत. बेरीज 9, सरासरी सव्वादोन. दोनाचा सव्वादोनावा घात साधारण 4.8 येतो. मॉडेल दर शब्दाला सरासरी जेमतेम पाच पर्यायांत घुटमळलं, असा त्याचा अर्थ. आता भाजीच्या 1 ऐवजी कासवाचे 10 घाला. बेरीज 18, सरासरी साडेचार, घात 22.6. एका कासवाने आकडा जवळजवळ पाचपट केला.

या आकड्याला पर्प्लेक्सिटी म्हणतात. 1977 च्या सुमारास आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक आणि त्यांचे सहकारी यंत्राला बोललेलं ओळखायला शिकवत होते, तेव्हा कामाची अवघडता मोजायला त्यांनी हे माप पुढे आणलं. मुलांना मी ‘बुचकळा’ म्हणून सांगते. यंत्र किती बुचकळ्यात पडलं? शब्द जमला आहे, परीक्षेत मात्र लिहू नका म्हणून सांगावं लागतं.

आकड्याचा उपयोग मजकूर पकडण्याकडे वळला तो 2019 मध्ये. त्या फेब्रुवारीत जीपीटी-2 हे मॉडेल आलं आणि यंत्र सलग, वाचता येईल असं लिहू लागलं. त्याच वर्षी एमआयटी-आयबीएमची प्रयोगशाळा आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मिळून जीएलटीआर नावाचं साधन केलं. मॉडेलच्या अंदाजाच्या यादीत पहिल्या 10 मध्ये असलेला शब्द हिरवा, पहिल्या 100 मध्ये पिवळा, पहिल्या 1000 मध्ये लाल, त्यापलीकडचा जांभळा. यंत्राचा मजकूर बहुतेक हिरवागार दिसे, माणसाच्या लिखाणात लाल-जांभळे ठिपके असत. नुसतं वाचून माणसांना खरं-खोटं 54 टक्के वेळा ओळखता येत होतं. रंग दाखवल्यावर ते 72 टक्क्यांवर गेलं.

मला हे साधन त्याच्यानंतरच्या सगळ्या साधनांपेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण ते निकाल देत नाही. रंग दाखवतं आणि ठरवणं तुमच्यावर सोडतं. वर्गात त्यासाठी स्केचपेन पुरतात. एक मुलगी परिच्छेद झाकून शब्द विचारते. दोन प्रयत्नांत आला तर हिरवा, पाचांत आला तर पिवळा, नाही आला तर लाल.

या टप्प्यावर मी शाळेची प्रतिज्ञा देते. ‘भारत मारो देश छे’ इथून सुरू केलं की पुढचा एकही शब्द कुणी चुकत नाही, पान हिरवंगार होतं. मग मी विचारते, हे यंत्राने लिहिलं का? प्रतिज्ञा 1962 मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी मूळ तेलुगूत लिहिली, तेव्हा असली यंत्रं नव्हती. अमेरिकेच्या राज्यघटनेचं हेच झालं. काही डिटेक्टरांनी 1787 चा तो मजकूर एआयचा ठरवला, कारण मॉडेलने तो शिकताना इतक्यांदा पाहिला होता की बुचकळा उरलाच नाही. डिटेक्टर मजकूर किती अंदाजात बसतो ते सांगतो. कोणी लिहिला, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

आणि अंदाज कोणाचा, हा प्रश्न आमच्या बडोद्यात आपोआप निघतो. दांडियाबाजारातल्या घरी मराठी बोलणारी मुलगी आणि तिच्या बाकावरची गुजराती मैत्रीण, दोघींना तेच मराठी वाक्य दिलं तर आकडे वेगळे येतात. वाक्य तेच, ओळखणारी बदलली. ‘कमाटीबागेत’ या शब्दाच्या पुढे काय येईल, हे इंदूरच्या मुलाला विचारून पाहा. यंत्राचंही तसंच, त्याने काय वाचलं आहे त्यावर सगळं अवलंबून.

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं आणि शाळा-कॉलेजं घाबरली. पुढच्याच जानेवारीत प्रिन्स्टनचा विद्यार्थी एडवर्ड टियान याने जीपीटीझीरो काढलं. त्यात बुचकळा होता आणि सोबत दुसरं माप होतं, वाक्यावाक्यात बुचकळा किती चढतो-उतरतो हे पाहणारं. माणूस एक वाक्य साधं लिहितो, पुढच्यात कासव सोडतो. यंत्र एका संथ लयीत चालतं, असा त्यामागचा तर्क.

तर्क चुकीचा नव्हता, पण तो कुणाला लागू करतोय याचा विचार झाला नाही. 2023 मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांना टोफेल परीक्षेतले 91 निबंध दिले. लिहिणारे सगळे इंग्रजी मातृभाषा नसलेले. सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरले. सातही डिटेक्टरांनी एकमताने दोषी ठरवलेले निबंध 18 होते. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण भाजी आणि कासवाचंच आहे. शिकलेली भाषा लिहिताना माणूस खात्रीचे शब्द वापरतो, वाक्यरचना ठरलेली ठेवतो. माझ्या वर्गात इंग्रजी ही बऱ्याच मुलांची तिसरी भाषा आहे. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’वर ती काय लिहितात ते मला तपासायच्या आधीच पाठ असतं. त्या संशोधकांनी चॅटजीपीटीकडूनच निबंधातले शब्द भारदस्त करून घेतले, तेव्हा चुकीचे आरोप 12 टक्क्यांच्या आसपास खाली आले. म्हणजे यंत्राची मदत घेतली की निर्दोष! यावर वर्ग खूप हसतो.

शेवटचा उपक्रम चिठ्ठ्यांचा. सीबीएसईच्या दहावीच्या एआय विषयात कन्फ्यूजन मॅट्रिक्स आहे, खरे आणि खोटे इशारे चार चौकटींत मांडायचा तक्ता. पुस्तकात त्याला जंगलातल्या वणव्याचं उदाहरण होतं. मी त्याच चौकटी निबंधांसाठी वापरते. आकडे चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे, त्यांनीच 31 जानेवारी 2023 ला आपल्या डिटेक्टरसोबत जाहीर केलेले: एआयचे मजकूर 26 टक्के पकडतो, माणसाचे 9 टक्के चुकून एआयचे म्हणतो. हे इंग्रजी मजकुरांवरचे आकडे होते आणि 1000 अक्षरांहून लहान मजकुरावर भरवसा ठेवू नका, असंही तिथेच लिहिलं होतं.

200 चिठ्ठ्या घ्यायच्या. 20 वर मागच्या बाजूला ‘यंत्र’, 180 वर ‘मी’. यंत्राच्या 20 पैकी साधारण 5 पकडल्या जातात, त्यांना लाल टिकली. ‘मी’च्या 180 पैकी 9 टक्के म्हणजे 16, त्यांनाही लाल टिकली. मग टिकलीवाल्या 21 चिठ्ठ्या टेबलावर मांडून एकेक उलटायची. ‘मी’, ‘मी’, ‘यंत्र’, ‘मी’, ‘मी’... 21 पैकी 16 निर्दोष. नऊ टक्के चूक ऐकताना मुलं म्हणतात, ‘मॅडम, 91 टक्के बरोबर आहे की!’ चिठ्ठ्या उलटताना आवाज खाली येतो.

मग एखादं पोर विचारतं की नक्कल करणारे जास्त असतील तर? पुन्हा मांडायचं. 100 यंत्राच्या, 100 ‘मी’च्या. आता 26 आणि 9, मिळून 35 टिकल्या, त्यातल्या 26 खऱ्या. डिटेक्टर तोच, चुकीचं प्रमाण तेच. टिकलीचा अर्थ मात्र वर्गात किती जण नक्कल करतात त्यावर ठरतो, आणि नेमकं तेच शिक्षकाला माहीत नसतं. मुलांच्या वहीत मी दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी काढून घेते. खाली एक ओळ तारखेची असते: 20 जुलै 2023, अचूकता कमी म्हणून ओपनएआयने हा डिटेक्टर बंद केला.