उपाशीपोटी रक्त देण्याची अट कुठून आली?

फोंड्याच्या माझ्या मामांना लिपिड म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीसाठी बारा तास उपाशी राहायला सांगितले होते. मात्र सकाळी सवयीने त्यांनी पाव-भाजी खाल्ली आणि ‘रक्त वाया गेले’ या चिंतेत ते दिवसभर राहिले. त्यांची चिंता समजण्याजोगी आहे, कारण या अटीमागे खरेच एक कारण होते.

एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. ते थेट मोजायचे तर पूर्वी अतिवेगाने फिरणारे महागडे सेंट्रिफ्यूज लागे. 1972 साली अमेरिकेत फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांनी त्यावर तोडगा सुचवला. एकूण कोलेस्टेरॉलमधून आधी एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल आणि मग ट्रायग्लिसराइड या चरबीचा पाचवा भाग वजा केला की एलडीएल मिळते. आपल्या रिपोर्टवर छापलेले व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतले कोलेस्टेरॉल, बहुतेक वेळा हाच पाचवा भाग असतो, तो वेगळा मोजलेला नसतो. जेवणानंतर मात्र आतड्यातून चरबीने भरलेले कायलोमायक्रॉन रक्तात उतरतात. त्यांत ट्रायग्लिसराइड भरपूर आणि कोलेस्टेरॉल अगदी थोडे असल्यामुळे पाचाने भागणे चुकते, वजाबाकी जास्त होते आणि एलडीएल खरे असते त्यापेक्षा कमी दिसते. ते कण रक्तातून निघून जावेत, म्हणून उपास.

पण ही चूक किती मोठी? मामांच्या त्या दिवशीच्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल 212, एचडीएल 42 आणि ट्रायग्लिसराइड 190 होते (सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). 190 चा पाचवा भाग 38, म्हणून एलडीएल 132. आठवड्याने उपाशीपोटी दिलेल्या रक्तात हेच आकडे अनुक्रमे 214, 42 आणि 160 आले. पाचवा भाग 32, म्हणून एलडीएल 140. एकूणातून फक्त एचडीएल वजा केले, तर उरणारे नॉन-एचडीएल आधी 170 आणि नंतर 172, म्हणजे जवळपास तेच. त्यात ट्रायग्लिसराइडचा भागाकार येत नाही, म्हणून जेवणाने ते फारसे हलत नाही. माझ्या मते रिपोर्टातला हा आकडा आधी पाहावा.

डेन्मार्कमध्ये 2009 पासून नेहमीच्या तपासणीसाठी उपासाचा आग्रह सोडला गेला. 2016 साली युरोपातील तज्ज्ञांच्या संयुक्त निवेदनाने तीच भूमिका घेतली. सामान्य जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी 26 ने वाढते, एलडीएल 8 ने घटते, एचडीएलमध्ये फरक पडत नाही, असे त्यात नोंदले आहे. म्हणून ट्रायग्लिसराइडची इशारा-रेषा उपाशीपोटी 150 असेल, तर जेवून 175 धरली जाते. अर्थात चतुर्थीच्या नेवऱ्यांवर किंवा आदल्या रात्रीच्या मद्यावर हे सरासरीचे आकडे लागू करू नयेत.

ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढे गेले, तर मात्र सूत्रच निकामी होते. तेव्हा उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावे. त्याच नमुन्यातून उपाशीपोटीची साखर पाहायची असेल, तर त्यासाठीचा उपास टळत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळी औषधाचे काय करायचे, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे, कारण औषध घेऊन उपाशी रांगेत थांबल्यास साखर अचानक उतरू शकते.