नो-बॉल आणि फ्री हिट

नो-बॉल म्हणजे नियमबाह्य ठरलेला चेंडू. फलंदाजीच्या बाजूला एक धाव मिळते, तो चेंडू षटकात मोजला जात नाही आणि त्यावर फलंदाज नेहमीच्या मार्गांनी बाद होऊ शकत नाही. नो-बॉलची कारणे बरीच आहेत. चेंडू फेकणे, क्षेत्ररचनेची मर्यादा मोडणे वगैरे. मैदानावर रोज वाद होतात ते मात्र दोनच रेषांवरून. एक रेषा जमिनीवर चुन्याने आखलेली असते, दुसरी फलंदाजाच्या कमरेला कल्पनेने ओढलेली. पहिली मोजता येते. दुसरी बराच काळ पंचाच्या नजरेवरच अवलंबून होती.

पुढचा पाय

यष्टींच्या रेषेपुढे चार फुटांवर (1.22 मीटर) पॉपिंग क्रीज असते. चेंडू टाकताना गोलंदाजाच्या पुढच्या पायाचा काही ना काही भाग या क्रीजच्या मागे पडायला हवा. येथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नियमानुसार ‘क्रीज’ म्हणजे आखलेल्या पट्ट्याची मागची, यष्टींकडची कड. पांढरा पट्टा गोलंदाजाच्या हद्दीत येतच नाही. त्यामुळे टाच नेमकी पट्ट्यावर पडली आणि मागे काहीच उरले नाही, तर तो नो-बॉल. उलट अख्खा चवडा रेषेपुढे आणि टाचेचा बोटभर भाग मागे असेल, तर चेंडू बरोबर.

टाच जमिनीला टेकलेली असण्याचीही गरज नाही. चवड्यावर उतरणाऱ्या गोलंदाजाची टाच हवेत असते. ती हवेत राहूनही क्रीजच्या मागे असली तरी चालते. पाहायचा क्षण पाय पहिल्यांदा टेकतो तो. त्यानंतर पाय घसरत पुढे गेला तर हरकत नाही. मागच्या पायासाठी अट वेगळी आहे: तो बाजूच्या उभ्या रेषेच्या, म्हणजे रिटर्न क्रीजच्या, आत आणि तिला न शिवता पडला पाहिजे. म्हणजे पुढच्या पायाला निम्म्याहून जास्त सवलत, मागच्याला स्पर्शाचीही मुभा नाही.

पूर्वी मोजमाप मागच्याच पायाचे होते. त्यात उंच वेगवान गोलंदाज मागचा पाय जमिनीवरून फरफटत नेत आणि चेंडू सुटेपर्यंत बरेच पुढे पोचत. 1960च्या दशकात प्रयोग करून पुढच्या पायाचा नियम आणला तो याच पळवाटेमुळे. त्याची किंमत पंचाने मोजली. पाय टेकण्याचा क्षण आणि चेंडू सुटण्याचा क्षण जवळजवळ एकच; खाली पाहून लगेच नजर वर उचलायची आणि चेंडू पायचीतसाठी कुठे पडला तेही टिपायचे. काही पायचूक नजरेतून सुटणारच होत्या. 2019च्या अखेरीस भारत आणि वेस्ट इंडीज यांच्या सामन्यांत हे काम प्रायोगिक तत्त्वावर तिसऱ्या पंचाकडे दिले गेले. तो प्रत्येक चेंडूवर कॅमेऱ्यातून पाय पाहतो आणि चूक असल्यास मैदानातल्या पंचाला कळवतो. मग बाद होऊन निघालेला फलंदाज परत फिरतो.

कमरेवरचा चेंडू

टप्पा न पडता आलेला चेंडू, पॉपिंग क्रीजवर ताठ उभ्या असलेल्या फलंदाजाच्या कमरेवरून गेला किंवा गेला असता, तर तो नो-बॉल. पूर्वी संथ गोलंदाजाला खांद्यापर्यंत सूट होती. 2017च्या नियमावलीत सर्वांना कमरच लागू झाली. चेंडू धोकादायक होता का, हा प्रश्न वेगळा. तसे वाटले तर पंच गोलंदाजाला ताकीद देतो आणि पुन्हा घडल्यास त्या डावात त्याची गोलंदाजी थांबते. हातातून निसटलेला संथ फुलटॉस नो-बॉल ठरतो, पण ताकीद मिळेलच असे नाही.

सगळा घोळ ‘क्रीजवर ताठ उभा’ या शब्दांत आहे. फलंदाज पुढे सरसावलेला असतो, गुडघ्यात वाकलेला असतो किंवा चेंडू टाळायला चवड्यांवर उचललेला असतो. चेंडू त्याला जिथे भेटला ती उंची ग्राह्य नाही. तो क्रीजवर सरळ उभा असता तर चेंडू तिथे पोचेपर्यंत किती खाली आला असता, हा खरा प्रश्न.

आयपीएलमध्ये 2024 साली याला यंत्राची जोड मिळाली. खेळाडूंच्या कमरेची उंची आधीच मोजून ठेवली होती. एप्रिलमध्ये ईडन गार्डन्सवर हर्षित राणाचा संथ फुलटॉस विराट कोहलीच्या बॅटला लागून उडाला आणि राणानेच झेल घेतला. कोहलीने दाद मागितली. चेंडू त्याला भेटला तेव्हा तो उंच दिसत होता, यात वाद नाही. पण कोहली क्रीजच्या बाहेर उभा होता. त्याची ताठ उभी कमर 1.04 मीटर, चेंडू क्रीजवर पोचला असता तेव्हा 0.92 मीटरवर असता, असे यंत्राने दाखवले. बारा सेंटिमीटरचा फरक, आणि फलंदाज बाद. कोहली चिडून बाहेर गेला, पण नियमाच्या शब्दांत निर्णय चोख होता. टीव्हीवर पाहणाऱ्याचा डोळा फलंदाजाच्या कमरेवर असतो. नियमाचा डोळा दोन पावले मागे, क्रीजवर.

फ्री हिट

एकदिवसीय आणि ट्वेन्टी-20 सामन्यांत नो-बॉलनंतरचा चेंडू फ्री हिट असतो. पंच एक हात डोक्यावर उंचावून गोल फिरवतो. कसोटीत फ्री हिट नाही. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत ती 2007 साली आली, पण फक्त पायचुकीसाठी. 2015च्या जुलैपासून कोणत्याही कारणाच्या नो-बॉलसाठी लागू झाली. पायचूक ही शिस्तीची चूक आणि उंच फुलटॉस हा अपघात, असा भेद आधी केला जात होता. तो मोडला हे माझ्या मते योग्यच झाले, कारण फलंदाजासाठी कमरेवरचा फुलटॉस पायचुकीपेक्षा कितीतरी घातक.

फ्री हिटवर फलंदाज नो-बॉलवर जसा बाद होऊ शकतो तसाच बाद होतो: धावचीत, चेंडू दोनदा मारणे, क्षेत्ररक्षणात अडथळा आणणे. झेल, त्रिफळा, पायचीत, यष्टिचीत यांपैकी काहीच येथे लागू नाही. स्ट्राइकवरचा फलंदाज बदलला नाही तर क्षेत्ररचनाही सहसा बदलता येत नाही. म्हणजे गोलंदाजाला आधी लावलेल्या क्षेत्ररक्षकांवरच भागवावे लागते. फ्री हिटचा चेंडू वाइड किंवा पुन्हा नो-बॉल ठरला तर फ्री हिट संपत नाही, पुढच्या चेंडूवर सरकते.

हे सगळे एकाच षटकात पाहायचे तर 23 ऑक्टोबर 2022चा मेलबर्नचा भारत-पाकिस्तान सामना घ्यावा. शेवटच्या षटकात भारताला 16 धावा हव्या होत्या, गोलंदाज मोहम्मद नवाझ. पहिल्या चेंडूवर हार्दिक पंड्या झेलबाद, पुढच्या दोन चेंडूंवर तीन धावा. म्हणजे तीन चेंडूंत 13. चौथा चेंडू फुलटॉस, कोहलीने षटकार मारला आणि पंचांनी कमरेच्या उंचीवरून नो-बॉल दिला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी वाद घातला, निर्णय कायम राहिला. एका फटक्यात सात धावा आणि चेंडू मोजलाच गेला नाही: तीन चेंडूंत सहा.

फ्री हिटचा चेंडू वाइड पडला. एक धाव मिळाली आणि फ्री हिट शाबूत राहिली. पुढच्या चेंडूवर कोहलीचा त्रिफळा उडाला. एरवी फलंदाज बाद होताच चेंडू मृत होतो. येथे फलंदाज बादच नव्हता, म्हणून चेंडू जिवंत राहिला. तो यष्टींना लागून थर्ड मॅनकडे गेला आणि कोहली-कार्तिक तीन धावा पळाले. चेंडू बॅटला लागला नव्हता, म्हणून त्या बाय म्हणून नोंदल्या गेल्या. त्रिफळा उडूनही तीन धावा पळता येतात हे त्या दिवशी कित्येकांना प्रथमच कळले असेल. दोन चेंडूंत दोन उरले. कार्तिक यष्टिचीत झाला, पुढचा चेंडू वाइड गेला आणि अश्विनने मिडऑफवरून टोलवून सामना संपवला. गोलंदाजाने त्या एका चेंडूची उंची सांभाळली असती तर गणित वेगळेच झाले असते.

टेप-बॉलमधील फेरफार

टेनिसच्या चेंडूवर विजेच्या तारांना गुंडाळायची टेप चढवून खेळायचे क्रिकेट पाकिस्तानात, विशेषतः कराचीत रुजले आणि जगभर पसरले. त्याची एकच अशी नियमावली नाही. नाणेफेकीपूर्वी जे ठरते तोच नियम. तरी फेरफारांमागची कारणे सगळीकडे सारखीच असतात.

पायाचा नो-बॉल येथे सर्वांत ढिला पडतो. क्रीज खडूने किंवा काठीने ओढलेली असते आणि गोलंदाजाचाच पाय ती दोन षटकांत पुसून टाकतो. पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचा, म्हणून त्याच्या निर्णयावर कुणाचा विश्वास नाही. त्यामुळे काही ठिकाणी ‘रेषेला पाय लागला की नो’ असा कडक नियम करतात, जो अधिकृत नियमाहून वेगळा आहे. काही ठिकाणी अख्खा पाऊल पुढे गेल्याखेरीज कुणी तोंड उघडत नाही. दोन्हीपैकी काय, हे आधी ठरले नसेल तर भांडण पहिल्या विकेटलाच होते. खरे तर रेषा पुन्हा ओढत राहणे, एवढेच केले तरी निम्मे वाद मिटतात.

कमरेच्या उंचीचा नियम मात्र बहुधा टिकतो, कारण वेगळे असले तरी. चेंडू मऊ असल्याने भीती कमी. पण षटके मोजकी असतात आणि गोलंदाजाचे मुख्य शस्त्र यॉर्कर. तो जरा फसला की फुलटॉस. नियम नसता तर उंच फुलटॉस टाकणे ही चाल झाली असती. येथे एक भौतिक गोष्टही ध्यानात घ्यावी. हलका चेंडू हवेत वेग लवकर गमावतो आणि शेवटी जास्त झुकतो. समजा फलंदाज दोन पावले पुढे आला आणि चेंडू त्याला छातीशी लागला. सगळे ‘नो’ ओरडतील. पण तो चेंडू क्रीजपर्यंत मांडीच्या उंचीवर उतरला असता, म्हणजे बरोबर. चामड्याच्या चेंडूवर तयार झालेली नजर येथे फसते. म्हणून पंच लेगच्या बाजूला, क्रीजच्या रेषेत उभा असावा. गोलंदाजामागून हा उतार दिसत नाही.

फ्री हिट बहुतेक ठिकाणी जशीच्या तशी घेतात, धावचीत तेवढे चालू ठेवून. वेळेचे बंधन असेल तिथे नो-बॉल पुन्हा टाकायला न लावता दोन धावा देऊन मोकळे होतात. अशा खेळात फ्री हिट कधी षटकाच्या पुढच्या चेंडूलाच जोडतात, कधी सोडूनच देतात. शेवटच्या चेंडूवर नो पडला आणि जादा चेंडू नाही, तर फ्री हिट कुठे टाकायची, हा प्रश्न मग उरतोच. त्याचे उत्तर नाणेफेकीआधीच घेऊन ठेवावे लागते.