± च्या पुढचा आकडा कशाचा?

'रुग्ण सरासरी ८ ± ३.८ दिवस रुग्णालयात राहिले.' अशा वाक्यात ± च्या पुढे काय आहे, हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. तिथे प्रमाण विचलन असू शकतं किंवा प्रमाण त्रुटी, आणि दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नऊ रुग्ण अनुक्रमे २, ३, ३, ४, ४, ५, ६, ७ आणि ३८ दिवस राहिले. बेरीज ७२, सरासरी ८. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढायचं, त्याचा वर्ग करायचा आणि वर्गांची बेरीज करायची. ती येते १०३२. तिला आठाने (रुग्णसंख्येतून एक वजा करून) भागून वर्गमूळ काढलं की ११.४ दिवस हे प्रमाण विचलन मिळतं. रुग्ण एकमेकांपेक्षा किती वेगळे आहेत, ते हा आकडा सांगतो.

प्रमाण त्रुटी रुग्णांबद्दल बोलतच नाही. दुसरे नऊ रुग्ण घेतले असते तर सरासरी किती हलली असती, याचा तो अंदाज. स्वतंत्र मोजमापांची बेरीज केली की विचलनांच्या वर्गांचीही बेरीज होते, म्हणजे ते नऊपट होतात. पण सरासरीसाठी आपण नवाने भागतो, त्यामुळे वर्ग एक्क्याऐंशीपट लहान होतो. हिशेबाअंती वर्ग उरतो एक नवमांश, आणि मूळ आकडा एक तृतीयांश: ११.४ भागिले ३, म्हणजे ३.८. रुग्णसंख्येच्या या वर्गमुळाचं, √n चं, मला अजून अप्रूप वाटतं. असेच विखुरलेले ९०० रुग्ण घेतले, तर प्रमाण विचलन ११ च्या आसपासच राहील, त्रुटी मात्र ०.४ वर येईल. मग '८ ± ०.४' वाचणाऱ्याला वाटतं, सगळे आठव्या दिवशी घरी! औषधांच्या जाहिरातीतल्या आलेखांवर ± दाखवणाऱ्या आखूड दांड्या दिसल्या की त्या कशाच्या आहेत, हे आधी विचारावं.

पण इथे '८ ± ११.४' लिहूनही भागत नाही. आठातून ११.४ गेले की उणे ३.४ दिवस, इतके दिवस कोण राहणार? कधीच ऋण नसणाऱ्या मोजमापात विचलन सरासरीहून मोठं निघालं, की माहिती एका बाजूला कललेली आहे हे ओळखावं. एका ३८ ने सरासरी इतकी ओढली आहे की नवांपैकी आठ जण तिच्या खालीच आहेत. वर्ग केल्यामुळे तर १०३२ पैकी ९०० हा वाटा त्या एकट्याचाच.

अशा वेळी मध्यक सांगावा. चढत्या क्रमातला पाचवा रुग्ण ४ दिवस राहिला. तिसरा ३ आणि सातवा ६ दिवस. हे दोन चतुर्थक, आणि मधली निम्मी मंडळी त्यांच्या दरम्यान. लिहायचं असं: 'मध्यक ४ दिवस, आंतरचतुर्थक विस्तार ३ ते ६'. चतुर्थक काढायच्या रीती एकाहून अधिक आहेत, त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ६ ऐवजी ६.५ दिसला तर दचकू नये. ३८ च्या जागी ३८० असते तरी यातलं काहीच बदललं नसतं.

हीच त्याची मर्यादाही आहे. 'मला किती दिवस राहावं लागेल?' असं विचारणाऱ्या रुग्णाला मध्यक उपयोगी. खाटांचा हिशेब करणाऱ्याला नाही. नऊ रुग्णांना मध्यकाने गुणलं तर ३६ खाट-दिवस येतात, प्रत्यक्षात लागले ७२. तिथे सरासरीच लागते, त्या ३८ दिवसांसकट.