व्होल्टेज वाढवलं की तारेत वीज जास्त जळते?

"तारेतला तोटा V²/R ना? मग व्होल्टेज वाढवलं की तोटाही वाढायलाच हवा!"

गफलत त्या V मध्ये आहे. तिथे लाइनचं व्होल्टेज घालायचं नसतं. तारेच्या दोन टोकांमध्ये जेवढं पडतं तेवढंच घालायचं.

साधी दोन तारांची लाइन घ्या, जाऊन-येऊन रोध १० ओहम. ११ हजार व्होल्टने १ मेगावॅट पाठवली तर करंट ९१ अँपिअर. तारेत ९१० व्होल्ट पडतात, सुमारे ८३ किलोवॅट उष्णता होऊन जातात. तीच वीज १ लाख १० हजार व्होल्टने पाठवा. करंट ९.१ अँपिअर, पडतात जेमतेम ९१ व्होल्ट आणि जळतात ०.८३ किलोवॅट. शंभरावा हिस्सा!

पावसात अतिउच्च दाबाच्या तारांखाली करकर ऐकू येते, तो कोरोनाचा, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत वीज झिरपण्याचा, तोटा मात्र खरोखरच व्होल्टेजबरोबर वाढतो.