'बघते' म्हणजे काय? जुन्या सहकाऱ्याकडे रेफरल मागण्याचं मानसशास्त्र

माझा भाचा हिंजवडीच्या फेज थ्रीमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दीड वर्ष त्याच्या शेजारच्या डेस्कवर बसणारी एक सहकारी तीन वर्षांपूर्वी नोकरी बदलून खराडीला गेली. मध्यंतरी तिच्या कंपनीत जागा निघाली आणि याने तिला व्हॉट्सअ‍ॅप केलं: "हाय! कशी आहेस? किती दिवस झाले ना! तुमच्याकडे ओपनिंग आहे असं कळलं. प्लीज माझा रेझ्युमे टाक ना, तिथे ओळखीची तूच एक आहेस. उद्यापर्यंत होईल का?"

उत्तर आलं, "हो, पाठवून ठेव, बघते."

मराठीत 'बघते' चा अर्थ काय होतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. भाच्याला मात्र तो अकरा दिवसांनी कळला. मग चिडून म्हणाला, "मामा, जमत नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं ना! दोन अक्षरं तर टाइप करायची होती."

या वाक्यात सामाजिक मानसशास्त्रातला माझा सगळ्यात आवडता शोध दडलाय. मागणाऱ्याला समोरच्याचं 'नाही' फार स्वस्त वाटतं.

फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा बॉन्स या दोन संशोधकांनी २००८ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी सहभागी मंडळींना सांगितलं, अनोळखी लोकांना गाठा आणि पाच जणांकडून एक प्रश्नावली भरून घ्या. निघण्याआधी विचारलं, पाच होकार मिळवायला किती जणांना विचारावं लागेल? अंदाज आला सुमारे वीस. प्रत्यक्षात दहाएक जणांतच काम झालं. लोक आपल्याला वाटतं त्याहून दयाळू असतात, असा याचा गोड अर्थ लावता येतो, आणि तो पुष्कळदा लावलाही जातो.

पण बॉन्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली आणखी एक खोडकर प्रयोग मांडला. या वेळी अनोळखी माणसाला विनंती करायची होती, "या लायब्ररीच्या पुस्तकात पेनाने एक शब्द लिहाल का?" शब्द होता 'पिकल', म्हणजे लोणचं! मागणाऱ्यांना वाटलं, जेमतेम २८ टक्के लोक तयार होतील. तयार झाले ६४ टक्के. पुस्तक खराब करायला मदत करण्यात कसली आली दयाळूपणाची गोष्ट? कित्येकांना ते पटतही नव्हतं, तरी त्यांनी लिहिलं. कारण समोर उभ्या असलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं म्हणजे 'तुझा हेतू मला बरोबर वाटत नाही' असं तोंडावर सांगणं. ते अवघडलेपण टाळण्यासाठी माणूस लोणचंही लिहून देतो.

मागणारा फक्त कामाचा आकार मोजतो: 'पोर्टलवर रेझ्युमे चढवायला पाच मिनिटं लागतात.' ज्याच्याकडे मागितलंय तो नकाराची किंमत मोजत असतो. हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि गंमत म्हणजे तोच माणूस बाजू बदलली की हिशेबही बदलतो. माझ्या भाच्याने स्वतः एका जुन्या ज्युनिअरला दोन महिने 'बघतो' वर ठेवलं होतं. ती गोष्ट त्याला आठवून द्यावी लागली.

पुणेकर तोंडावर नाही म्हणतात, हा आणखी एक गैरसमज. पुणेकर पाटीवर नाही म्हणतो! 'एक ते चार दुकान बंद' हे पाटी सांगते, कारण पाटीला समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही.

आता भाच्याचा मेसेज पुन्हा वाचा. 'तूच एक आहेस' म्हणजे नकाराचं सगळं ओझं तिच्या एकटीवर. 'उद्यापर्यंत' म्हणजे विचाराला वेळ नाही. आणि 'रेझ्युमे टाक' ला 'नाही' म्हणायचं तर कारण काय द्यायचं? खरं कारण बहुधा त्याच्या कामाविषयीचं, किंवा तिथे तिच्या शब्दाला असलेल्या वजनाविषयीचं असणार. बऱ्याच कंपन्यांच्या रेफरल फॉर्ममध्ये विचारतात, तुम्ही या व्यक्तीला कसे ओळखता, किती काळ एकत्र काम केलंत, शिफारस करता का. तीन वर्षांत त्याचं काम धूसर झालं असेल, तर तिथे ती काय लिहिणार?

यावर लिंक्डइनवरचे गुरू सांगतात, 'नाही म्हणालात तरी चालेल' हे जादूचं वाक्य घाला. या वाक्याला आधार आहे, नाही असं नाही. गेगेन आणि पास्कुआल या फ्रेंच संशोधकांनी २००० साली रस्त्यावर बसच्या भाड्यासाठी सुटे पैसे मागितले, तेव्हा १० टक्के लोकांनी दिले. 'द्यायचे की नाही हे तुमच्यावर आहे' एवढं जोडल्यावर ४७.५ टक्क्यांनी दिले. पण २०१३ साली कारपेंटर यांनी अशा ४२ अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा दिसलं की निर्णय जागच्या जागी घ्यायचा नसेल तर हा परिणाम ओसरतो. रेफरलचा निर्णय काही बसस्टॉपवर होत नाही. शिवाय होकार वाढवण्यासाठी स्वातंत्र्य देऊ करणं हा दबावाचाच गुळगुळीत प्रकार झाला. 'गुरुवारी सकाळी पाठवा' वाले मुहूर्तही त्याच पंक्तीतले.

खरी सोय वेगळी आहे. नकार द्यायला तिला काहीच करावं लागू नये. भाच्याने पुढचा मेसेज दुसऱ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीला असा लिहिला:

"आपण बिलिंगच्या प्रोजेक्टवर एकत्र होतो, रिग्रेशनचं ऑटोमेशन मी बघायचो. तुमच्याकडच्या टेस्टिंगच्या एका जागेसाठी अर्ज करतोय, जॉब आयडी खाली देतोय. माझं काम तुला नीट आठवत असेल आणि सोयीचं असेल तरच रेफर कर. तू आधीच कुणाला केलं असशील, किंवा तिथे तसं चालत नसेल, तर हरकत नाही. शुक्रवारपर्यंत काही कळलं नाही तर मी साइटवरून थेट अर्ज करतो, परत विचारणार नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. गप्प राहणं हेच उत्तर ठरतं, आणि ते उद्धटपणाचंही वाटत नाही, कारण पुढचं पाऊल तो स्वतःच उचलणार आहे. शुक्रवारपर्यंत थांबण्याला व्यवहाराचंही कारण आहे: आधी स्वतः अर्ज केला की अनेक ठिकाणी नाव सिस्टिममध्ये चढतं आणि नंतरचं रेफरल धरत नाहीत. मधल्या वाक्यातली कारणंही मुद्दाम तयार ठेवलेली आहेत, तिला उचलायची असली तर. आणि त्याने लिहिलं नाही तेही मोलाचं: घराचे हप्ते, संपत आलेला नोटीस पीरियड, 'रेफर केल्याबद्दल तुलाही बोनस मिळेल'. पहिल्या दोन्हींनी नकार महागतो, तिसऱ्याने मैत्रीची दलाली होते.

फोन का केला नाही? रोघानिझाद आणि बॉन्स यांच्या २०१७ च्या प्रयोगात समोरासमोर केलेली विनंती ईमेलपेक्षा ३४ पट परिणामकारक ठरली. तिथली माणसं अनोळखी होती, त्यामुळे तो आकडा जुन्या ओळखीला जसाच्या तसा लागू नाही. पण दिशा बघा: आवाज आणि चेहरा जवळ आला की होकार वाढतात, आणि त्यात लोणच्याचे होकारही असतात. असला होकार मिळाला की रेझ्युमे फोनच्या डाउनलोडमध्ये पडून राहतो. मनापासूनचा होकार मात्र लगेच ओळखू येतो, कारण त्याच्यासोबत प्रश्न येतात: नोटीस किती, अपेक्षा किती, आधी इथे अर्ज केलेलास का?

वीस मिनिटांत उत्तर आलं. "अरे, मी अजून प्रोबेशनवर आहे, आमच्याकडे कन्फर्म होईपर्यंत रेफर करताच येत नाही. पण त्या टीमला एपीआय टेस्टिंगवाला हवाय, ते रेझ्युमेत वर घे." मग दोघं अर्धा तास जुन्या मॅनेजरची टिंगल करत बसले.

शुक्रवारी त्याने साइटवरून अर्ज टाकला. इंटरव्ह्यूचं बोलावणं अजून आलेलं नाही.