डिस्ट्रिब्युटेड ट्रेसिंग
अनेक सर्व्हिसमधून जाणाऱ्या एका रिक्वेस्टचा संपूर्ण प्रवास वेळेसह नोंदवण्याची पद्धत. संथ रिक्वेस्टचा वेळ कोणत्या डेटाबेस क्वेरीत गेला, एवढ्याच अंगाने येथे तिचा विचार केला आहे.

पद्धतीचा उगम सामान्यतः गूगलच्या डॅपर प्रणालीशी (निबंध २०१०) जोडतात. तथापि रिक्वेस्टला ओळखक्रमांक देऊन तो पुढे नेण्याची कल्पना निदान पिनपॉइंट (२००२) इतकी जुनी असून, बर्कलीच्या एक्स-ट्रेसने (२००७) ती नेटवर्कच्या निरनिराळ्या थरांपर्यंत नेली. मायक्रोसॉफ्टच्या मॅगपायचा मार्ग वेगळा होता. त्यात असा क्रमांक नसे, सुट्या नोंदी मागाहून जुळवल्या जात. डॅपरच्या कर्त्यांनीही मॅगपाय व एक्स-ट्रेस यांच्याशी असलेले साम्य मान्य केले आहे. त्यामुळे ‘स्पॅन’च्या वृक्षाची आज रूढ असलेली मांडणी तेवढी डॅपरची म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. ओळखक्रमांक आता बहुधा `traceparent` या हेडरमधून जातो.

स्पॅन म्हणजे एका कामाची सुरुवात, कालावधी आणि ते कोणत्या कामातून निघाले याची नोंद. समजा, ऑर्डरची यादी दाखवणाऱ्या रिक्वेस्टला १,४०० मिलिसेकंद लागतात. ट्रेस उघडल्यावर यादी आणणारी ४० मिलिसेकंदांची एक क्वेरी दिसते आणि तिच्याखाली प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एक अशा ८० क्वेरी, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीमागून एक, प्रत्येकी सुमारे १५ मिलिसेकंदांच्या. म्हणजे १,२०० मिलिसेकंद येथेच गेले. यातली एकही क्वेरी संथ नाही, म्हणून डेटाबेसच्या स्लो क्वेरी लॉगमध्ये काहीच सापडत नाही (मायएसक्यूएलमध्ये ती मर्यादा मुळात १० सेकंदांची असते). सर्व ग्राहक एकाच क्वेरीत आणणे हा येथला उपाय. क्वेरी समांतर चालल्या असत्या, तर कालावधींची बेरीज निरर्थक ठरली असती. तेव्हा सर्वांत उशिरा संपणारी साखळीच पाहावी लागते.

डेटाबेसचा स्पॅन सहसा ॲप्लिकेशनच्या बाजूने मोजलेला असतो. स्पॅन ९०० मिलिसेकंदांचा, पण तीच क्वेरी `EXPLAIN ANALYZE` मध्ये २० मिलिसेकंदांत संपते, असे आढळल्यास इंडेक्सच्या मागे लागण्यापूर्वी लॉकची वाट आणि नेटवर्क तपासावे. कनेक्शन पूलमधील खोळंबा मात्र पुष्कळदा या स्पॅनबाहेर पडतो आणि क्वेरीच्या आधी नुसती रिकामी जागा दिसते. काही ड्रायव्हरमध्ये ओळी वाचण्यापूर्वीच स्पॅन बंद होतो. मग हजारो ओळी आणणारी क्वेरी चपळ भासते आणि रिकामी जागा तिच्यानंतर येते.

सगळे ट्रेस साठवणे परवडत नाही. डॅपरच्या सुरुवातीच्या वापरात १,०२४ पैकी एकच रिक्वेस्ट नोंदली जाई. निवड सुरुवातीलाच केली, तर क्वचित घडणारी संथ रिक्वेस्ट निसटते. रिक्वेस्ट संपल्यावर कालावधी पाहून निवड केल्यास ती हाती लागते, मात्र तोवर सर्व स्पॅन मेमरीत धरून ठेवावे लागतात.