खोदाईपासून भोगवट्यापर्यंत: आर्किटेक्टला साइटवर कधी बोलवायचे?

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आले की कागदांचे काम संपले, असे बऱ्याच मालकांना वाटते. महाराष्ट्रात घर बांधताना अजून दोन टप्पे बाकी असतात: जोते तपासणी आणि भोगवटा. दोन्ही ठिकाणी तुमच्या आर्किटेक्टची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. म्हणून काम झाकले जाण्याआधी त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. परवानगी एक वर्ष चालते आणि दरवर्षी नूतनीकरण करत जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत नेता येते.

अर्जदार मालकच असतो. आर्किटेक्टची नोंदणी वास्तुकला परिषदेकडे असावी लागते. सळईचे नकाशे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचे, ते काम आर्किटेक्टवर ढकलू नका. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, मोजणी नकाशा आणि स्ट्रक्चरल नकाशे यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून साइटवर ठेवा.

पहिली भेट खोदाईच्या आधी, जमिनीवर भिंतींच्या रेषा आखायच्या म्हणजे लाइनआऊटच्या दिवशी. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. एका बंगल्याच्या कामावर मी सकाळी पोहोचलो तेव्हा फक्की मारून झाली होती. बाजूच्या हद्दीपासून दीड मीटर अंतर सोडायचे होते आणि ठेकेदाराने दोरीपर्यंत बरोबर दीड मीटर मोजले होते. पण दोरी भिंतीच्या मध्यरेषेची होती. भिंत 230 मिमीची, म्हणजे तिची बाहेरची कड दोरीच्या पुढे 115 मिमी येणार आणि मोकळी जागा 1.385 मीटरच उरणार. दोरी सरकवायला अर्धा तास लागला. हीच चूक जोत्यानंतर लक्षात आली असती, तर तोडफोड किंवा सुधारित मंजुरी, एवढेच मार्ग उरले असते. म्हणून अंतर नेहमी तयार भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मोजून घ्या आणि दोन्ही कर्ण जुळतात का तेही पाहा.

खड्डे झाले की पीसीसी, म्हणजे पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर, टाकण्याआधी दुसरी भेट, शक्यतो स्ट्रक्चरल इंजिनिअरसोबत. सगळ्या खड्ड्यांत कडक मुरूम लागला का, की एका कोपऱ्यात अजून काळी माती आहे, हे तेव्हाच कळते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर बसलेला एक पाया हलला की भिंतीला तिरकी चीर पडते. खड्डा आणखी खोल न्यायचा का, हे इंजिनिअरच ठरवेल.

मग जाळी, कॉलम, प्लिंथ बीम, भराव. भराव थराथराने पाणी मारून चोपलेला हवा. घाईत टाकलेला भराव पुढे बसतो आणि फरशी पोकळ वाजू लागते. जोते झाले की थांबा. आर्किटेक्टने बाहेरची मापे मंजूर नकाशाशी ताडून पाहावीत, ठरलेल्या नमुन्यात नगरपालिकेला सूचना द्यावी आणि जोते तपासणी प्रमाणपत्र हाती आल्यावरच वरचे काम सुरू करावे.

स्लॅबची भेट काँक्रीटच्या आदल्या दिवशी ठेवा. काँक्रीटच्याच सकाळी गेलात तर मिक्सर फिरत असतो, कामगार उभे असतात आणि दुरुस्ती सांगायला जीभ रेटत नाही. बाल्कनीकडे जास्त लक्ष द्या. भिंतीबाहेर आलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, पण घमेली नेणाऱ्यांच्या पायाखाली ती दबते. 125 मिमीच्या स्लॅबमध्ये 100 मिमी उंचीवर असायला हवी ती सळई 50 वर आली, तर बाल्कनीची ताकद जवळपास निम्मी होते. वरून काँक्रीट गुळगुळीत दिसते, त्यामुळे नंतर काहीच कळत नाही. वरची सळई उचलून धरणाऱ्या चेअर पुरेशा आहेत का, हे सळईवर स्वतः उभे राहून बघा. काँक्रीट चालू असतानाही तिथे कोणीतरी थांबले पाहिजे. टेकू काढायची घाई नको: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला निदान 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14.

वीटकामात ओळंबा आणि चौकटींची जागा पाहिली की पुरे. गिलाव्याआधी कन्सिल पाइप दाबाखाली तपासून त्यांचे फोटो काढून ठेवा. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाले की फरशीआधी तिथे निदान दोन दिवस पाणी तुंबवा आणि खालच्या छताला ओल येते का ते बघा.

रंगकाम संपल्यावर आर्किटेक्ट शेवटची मापे घेतो. काम पूर्ण झाल्याचा दाखला, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे जोडून भोगवट्याचा अर्ज जातो. मधल्या काळात एखादी खिडकी किंवा जिना बदलला असेल तर आर्किटेक्टला या मापांआधीच सांगा, म्हणजे सुधारित नकाशा वेळेत करता येतो. भोगवटा मिळाल्यावरच राहायला जा.